बुवा गप्प, मृदंग चालू

पंचवटीतल्या एका देवळातलं कीर्तन मी रेकॉर्ड केलं. रात्री घरी हेडफोन लावून मिक्स केलं आणि सकाळी सिन्नरच्या मावशीला पाठवलं. तासाभरात तिचा फोन आला. "अरे, मृदंग वाजतोय नुसता. बुवा कुठे गेले? कुठंतरी मंडपाबाहेर उभे राहून बोलल्यासारखे वाटतात."

माझ्या हेडफोनमध्ये बुवा ठणठणीत होते. मावशीच्या फोनला मात्र खाली एकच स्पीकर आहे. असा फोन डावा आणि उजवा आवाज एकत्र करूनच, म्हणजे मोनोत, वाजवतो. साधारण हिशेब `(L + R) / 2` असा. दोन्हीकडे एकच लहर असेल तर बेरजेत ती तशीच राहते. पण डावीकडची लहर वर जाताना उजवीकडची तितकीच खाली जात असेल, तर बेरीज शून्य. हेडफोनमध्ये ही बेरीज होतच नाही, कारण डाव्या कानाला डावा आवाज आणि उजव्याला उजवा असा वेगवेगळा पोचतो. फार तर आवाज समोरून न येता डोक्यात पसरल्यासारखा वाटतो. मला तो तसा वाटलाही होता, आणि मी त्याला 'भरदार' समजलो!

घोळ केबलचा होता. बुवांचा आवाज मी मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून घेतला होता. अशा आउटपुटमध्ये एकच आवाज दोन तारांवरून जातो, एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा. वाटेत दोन्ही तारांमध्ये सारखीच खरखर शिरते. पलीकडचं यंत्र एकीतून दुसरी वजा करतं, तेव्हा खरखर जाते आणि आवाज राहतो. मी मात्र ती केबल रेकॉर्डरच्या स्टिरिओ इनपुटला लावली. त्याने वजाबाकी केली नाही. सुलटी तार डावी बाजू मानली, उलटी तार उजवी.

मग मावशीला थोडे तरी बुवा कसे ऐकू आले? एक म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नव्हत्या. उजवी बाजू अवघी 1 डेसिबल कमी असली, तरी मोनोत सुमारे 25 डेसिबलने दबलेला आवाज उरतो. शिवाय मृदंगाच्या माइकमध्येही बुवांचा आवाज लांबून शिरला होता. मंडपाबाहेरचे बुवा ते हेच.

दुरुस्ती दोन मिनिटांची. ऑडॅसिटीत बुवांचा ट्रॅक `Split Stereo to Mono` करून उजवा तुकडा टाकून दिला आणि डावा मध्यभागी ठेवला. एकाच माइकचा आवाज असल्यामुळे गमावण्यासारखं काही नव्हतं.

मृदंगाचं प्रकरण जास्त गमतीचं. दोन पुड्यांना दोन माइक लावले होते, एक डावीकडे ठेवला, एक उजवीकडे. कणीक लावलेल्या डाव्या पुडीवर थाप पडली की ती आत दबते, म्हणजे आपल्या माइकपासून दूर जाते. आतली हवा दुसरी पुडी बाहेर ढकलते, म्हणजे ती तिच्या माइककडे येते. एकाच थापेचा खर्ज दोन माइकमध्ये एकमेकांच्या उलट नोंदवला जातो. हेडफोनमध्ये घुमारा, मोनोत नुसती टकटक.

इथे फोनवर ऐकून निदान करू नये. फोनचा स्पीकर इतका लहान असतो की खालचा खर्ज तो तसाही वाजवू शकत नाही. म्हणून आधी मोनो फाइल बनवायची:

```
ffmpeg -i kirtan.wav -af "pan=mono|c0=0.5*c0+0.5*c1" mono.wav
```

ती त्याच हेडफोनवर, मूळ फाइलशी अदलाबदल करत ऐकायची. हेडफोनवरही खर्ज गेला असेल तर दोष मिक्सचा, तिथे टिकून फोनवर गेला असेल तर स्पीकरचा. शक्यतो एकेक वाद्य वेगळं करून तपासावं, कारण सगळं एकत्र वाजताना एकाची घट दुसऱ्याच्या आवाजाखाली लपते.

मी उजव्या पुडीच्या ट्रॅकला `Invert` लावलं आणि मोनोत घुमारा परतला. मात्र हा उपाय खर्जापुरताच चालतो. वरच्या स्वरांत दोन्ही पुड्या अशा शिस्तीत उलटसुलट हलत नाहीत, त्यामुळे उलटवल्यावर शाईच्या बाजूचे बोल फिके पडले नाहीत ना, हे कानानेच ठरवावं लागतं. मला ते थोडे पडल्यासारखे वाटले. मग `Invert` काढलं, उजव्या ट्रॅकमधला 150 हर्ट्झखालचा भाग बराचसा कापला आणि खर्ज फक्त डाव्या माइककडून घेतला. आता भांडायला दुसरा खर्जच फारसा उरला नाही.

नवी फाइल ऐकून मावशी म्हणाली, "आता बुवा आले. पण मृदंग देवळात घुमतो तसा नाही घुमत." त्या फोनवर तो घुमणारही नाही. मी तिला माझा जुना हेडफोन देऊन आलो.