मिनिटाला साठ शब्द: प्रकट वाचनाच्या तक्त्यामागची गोष्ट

घणसोली, तुर्भे, कळवा या भागांतल्या शाळांत दुसरी-तिसरीच्या बाई आज मुलासमोर उतारा ठेवतात, मोबाइलवर एक मिनिट लावतात आणि मूल मोठ्याने वाचत असताना आपल्या प्रतीवर खुणा करतात. ही पद्धत अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातून आली. तिथे १९७४ साली लाबर्ज आणि सॅम्युएल्स यांनी असं मांडलं की शब्द ओळखण्यातच सगळं लक्ष खर्च झालं, तर अर्थाकडे द्यायला ते उरत नाही. त्याच विद्यापीठात स्टॅन्ली डेनो आणि त्यांचे सहकारी विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षकांसाठी सोपं मोजमाप शोधत होते. एका मिनिटात बरोबर वाचलेल्या शब्दांची संख्या मोठ्या आकलन चाचण्यांच्या निकालांशी चांगली जुळते, असं त्यांना आढळलं. त्यांचा हेतू एकाच मुलाची प्रगती आठवड्यागणिक आलेखावर पाहण्याचा होता. मुलांची आपसांत क्रमवारी लावणं त्यात नव्हतं.

२००६ नंतर अमेरिकी मदत संस्था आणि जागतिक बँक यांच्या पाठबळाने ‘एग्रा’ ही सुरुवातीच्या इयत्तांतलं वाचन तपासणारी चाचणी तयार झाली आणि अनेक देशांत गेली. साधारण साठ शब्दांची गोष्ट आणि तिच्यावर पाच प्रश्न हा साचा तिथून रुळला. आपल्याकडे २००५ पासून ‘असर’ ही मुलांच्या शिक्षणाची देशव्यापी पाहणी होत होती, पण तिच्यात घड्याळ नाही. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी मूल कुठवर सहज वाचतं, एवढंच ती पाहते. शिवाय ती ग्रामीण भागापुरती आहे, त्यामुळे ठाणे आणि नवी मुंबई ही शहरं तिच्या कक्षेबाहेर राहतात. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारचं निपुण भारत हे अभियान आलं आणि तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द, तेही अर्थासह, हे उद्दिष्ट ठरलं.

माझी हरकत या साठवर आहे. हिंदीत ‘घर के सामने’ असे तीन शब्द मोजले जातात, मराठीत ‘घरासमोर’ हा एकच. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आपण जोडून लिहितो, म्हणून तेवढाच मजकूर वाचूनही मराठी मुलाची संख्या कमी भरते. २०२२ च्या पायाभूत अध्ययन पाहणीत एनसीईआरटीने प्रत्येक भाषेसाठी वेगळे निकष काढले, ते योग्यच झालं. सोनाली नाग यांच्या कन्नडवरच्या संशोधनातून दिसलं की अक्षरमाला आत्मसात व्हायला मुलांना प्राथमिकची कित्येक वर्षं लागतात. काना-मात्रा आणि जोडाक्षरं असलेल्या मराठीलाही ते लागू पडावं, असं मला वाटतं.

तक्ता मात्र साधा आहे. बाईंच्या प्रतीवर प्रत्येक ओळीच्या शेवटी तिथवरच्या शब्दांची बेरीज छापलेली असते. चुकलेल्या किंवा गाळलेल्या शब्दावर काट मारायची. मूल तीन सेकंद अडलं तर शब्द सांगायचा आणि तो चूक धरायचा. मुलाने स्वतःहून सुधारलेला शब्द बरोबर. मिनिट संपताच शेवटच्या शब्दापुढे कंस करायचा.

समजा, घणसोलीच्या आगरी घरातली तिसरीतली मुलगी मिनिटात शेहेचाळीसाव्या शब्दापर्यंत पोचली आणि सात काटा पडल्या. त्यांतल्या तीन ‘पानी’, ‘डोले’, ‘शाला’ अशा आहेत. घरच्या बोलीत ण-ळ नसतात. तिने शब्द ओळखलाय, फक्त उच्चार घरचा आहे, म्हणून या तीन काटा खोडायच्या. हा नियम मूळ पद्धतीतलाच आहे, पण प्रशिक्षणात तो सर्वात आधी गळतो. चुका चार उरल्या, म्हणजे बरोबर शब्द बेचाळीस. तिने वाचलेल्या भागावर पाचपैकी चारच प्रश्न येतात, म्हणून चारच विचारायचे. तीन बरोबर आले.

दुसरा मुलगा घरी भोजपुरी बोलणारा. त्याने साठही शब्द पन्नास सेकंदांत संपवले, चुका तीन. सत्तावन्नला साठने गुणून पन्नासने भागलं की अडुसष्ट येतात. प्रश्न मात्र पाचपैकी एकच बरोबर.

नुसत्या संख्येवर मुलगा निपुण ठरतो आणि मुलगी मागे राहते. तिला जोडाक्षरांचा सराव आणि तोच उतारा पुन्हा वाचणं पुरेल. त्याला देवनागरी हिंदीमुळे आधीच सोपी झालेली असू शकते. तसं असेल तर अडचण मराठी शब्दांच्या अर्थाची आहे. ते तपासायला तीच गोष्ट त्याला वाचून दाखवावी आणि तेच प्रश्न तोंडी विचारावेत. तरीही उत्तरं आली नाहीत, तर वेगाचा सराव थांबवून त्याच्याशी मराठीत भरपूर बोलायला हवं. ऐकून उत्तरं आली, तर तो धावतं वाचतोय, त्याला प्रत्येक वाक्यानंतर थांबवून काय झालं ते विचारायचं.

म्हणून तक्त्यात बरोबर शब्द आणि विचारलेल्यांपैकी बरोबर उत्तरं हे दोन रकाने शेजारी-शेजारी ठेवावेत आणि त्यांची एकत्र बेरीज करू नये. पुढच्या मोजणीच्या वेळी तेवढ्याच कठीणपणाचा पण नवा उतारा घ्यावा, कारण पाठ झालेल्या उताऱ्यावर वेग फुगतो.