रिपोर्ट जॉबच्या वेळेतील छुपी वाढ

सर्व्हरवर रोज आपोआप चालणाऱ्या रिपोर्टला लागणारा वेळ दिवसागणिक थोडा थोडा वाढत असेल, तर रिपोर्ट सकाळची ठरलेली वेळ चुकवू लागण्याआधीच ती वाढ ओळखण्यासाठी देखरेख ठेवावी लागते. जॉब बंद पडला की लगेच कळते. या दुखण्यात मात्र जॉब रोज व्यवस्थित पूर्ण होतो, आकडे बरोबर येतात आणि कोणाची तक्रार नसते.

कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्याचा ‘आजअखेर’ रिपोर्ट हे याचे चांगले उदाहरण. पहाटे चारला पाळी बदलते. काट्यावरच्या शेवटच्या पावत्या भरून झाल्या की जॉब सुरू होतो आणि हंगामाच्या पहिल्या दिवसापासूनची वजने गटवार, उसाच्या जातीनुसार (को 86032 किती, 0265 किती) आणि शेतकऱ्यानुसार पुन्हा जुळवतो. शेतकी ऑफिसला तो सकाळी लवकर टेबलावर हवा असतो, कारण दिवसाचा तोडणी प्रोग्राम त्यावर ठरतो. रोजची आवक साधारण तेवढीच असली तरी आजअखेरच्या पावत्या रोज वाढतात. म्हणजे या जॉबचे काम हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत वाढतच जाणार, हे त्याच्या स्वभावातच आहे. प्रश्न एवढाच की ते कोणत्या चालीने वाढते.

बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक इशारा लावलेला असतो. पहिला, जॉबने ठरावीक मिनिटे ओलांडली की मेसेज. तो खरा असतो, पण येतो तेव्हा हातात फार दिवस उरलेले नसतात. दुसरा, मागच्या महिन्याच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त मिनिटे लागली की मेसेज. हा अधिक हुशार वाटतो आणि नेमक्या याच दुखण्यात कुचकामी ठरू शकतो. वाढ सावकाश असली की सरासरीही तिच्यासोबत वर सरकते आणि आजचा आकडा तिच्यापासून कधीच फार दूर दिसत नाही. म्हणून तुलनेचा पाया सरकता ठेवू नये. हंगामाच्या सुरुवातीच्या आठवड्याचा आकडा पक्का धरून ठेवावा आणि त्याच्याशीच ताडून पाहावे.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, गाळप 15 नोव्हेंबरला सुरू झाले आणि काट्यावर रोज सुमारे 700 पावत्या होतात. जॉब 4:45 ला सुरू होतो आणि रिपोर्ट 6:30 ला हवा आहे, म्हणजे हाताशी 105 मिनिटे. तिसाव्या दिवशी 21,000 पावत्यांना 11 मिनिटे लागली. साठाव्या दिवशी, संक्रांतीच्या सुमारास, 42,000 पावत्यांना 28 मिनिटे लागली. मागच्या आठवड्याकडे पाहिले तर वाढ रोज पाऊण मिनिटापेक्षाही कमी आहे. याच चालीने उरलेली 77 मिनिटे संपायला शंभरावर दिवस लागतील आणि तोवर धुराडे थंड झालेले असेल. कागदावर सगळे ठीक दिसते.

हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकले हे त्याच आकड्यांत दिसते. या जॉबची सुमारे 6 मिनिटे पावत्या कितीही असल्या तरी लागतातच: जोडणी, तात्पुरती टेबले, छपाई. ती वजा केली तर उरतात 5 आणि 22 मिनिटे. पावत्या दुप्पट झाल्या, वेळ मात्र चौपटीच्या आसपास गेला. वाढ सरळ रेषेतली नाही. हीच चाल राहिली तर 120 व्या दिवशी पावत्या पुन्हा दुप्पट होतील आणि 22 चे 88 होतील, अधिक ती 6, म्हणजे 94 मिनिटे. 105 मध्ये हे अजून बसते, पण एखाद्या पहाटे काट्यावरची नोंद रखडून जॉब वीस मिनिटे उशिरा सुरू झाला की गणित मोडते. तसा दिवस 115 व्या दिवसाच्या आसपास, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उजाडू शकतो. त्यामुळे उरलेली सवड मोजताना सरासरी दिवस धरू नये, उशिरा सुरू होणारा दिवस धरावा. त्यासाठी सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ वेगवेगळी लिहून ठेवावी लागते. नुसती ‘किती मिनिटे चालला’ एवढीच नोंद असेल तर निम्मे कारण दिसतच नाही.

रोज पाहायचा आकडा म्हणूनच मिनिटांचा नाही, दर हजार पावत्यांमागच्या सेकंदांचा असावा:

```sql
SELECT season_day, slips, minutes,
       (minutes - 6) * 60000.0 / slips AS sec_per_1000
FROM job_log
WHERE job = 'todate_report' AND status = 'OK'
ORDER BY season_day;
```

वरच्या उदाहरणात हा आकडा तिसाव्या दिवशी 14 आणि साठाव्या दिवशी 31 येतो. तो स्थिर असता तर वाढ फक्त माहितीची आहे, असे म्हणून सरळ अंदाज बांधता आला असता. तो चढतो आहे याचा अर्थ प्रत्येक नव्या पावतीचे काम आधीच्या पावत्यांमुळे महाग होत चालले आहे.

अंदाज तारखेवर न बांधता पावत्यांवर बांधण्याला कोल्हापुरात आणखी एक कारण आहे. इथला हंगाम कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. ऊसदराचे आंदोलन पेटले की तोडी थांबतात आणि पावसाने शेतात चिखल झाला की वाहने अडकतात. अशा दिवसांत पावत्या वाढत नाहीत, जॉबचा वेळही जागच्या जागी राहतो, आणि तारखेवर काढलेली रेघ ‘वाढ थांबली’ असे सांगते. `status = 'OK'` ही अटही सहज टाकलेली नाही. मध्येच पडलेला जॉब दोन मिनिटांत ‘संपलेला’ दिसतो आणि सरासरी गोंडस करून ठेवतो. त्यातूनही एखादा विचित्र दिवस राहतोच, म्हणून सात दिवसांचा मधला आकडा घ्यावा. एका रात्रीत वेळ उडी मारून वर गेला आणि तिथेच राहिला, तर ती छुपी वाढ नव्हे. तिथे त्या दिवशी काय बदलले ते शोधावे: त्याच वेळेला लावलेला बॅकअप, नवे व्हर्जन, बदललेली डिस्क.

चौपटीच्या चालीचे नेहमीचे कारण क्वेरीत सापडते. प्रत्येक पावतीसाठी त्या शेतकऱ्याच्या मागच्या पावत्या शोधायच्या, आणि शेतकरी क्रमांकावर इंडेक्स नसल्याने दरवेळी सगळे टेबल वाचायचे. 42,000 वेळा 42,000 ओळी म्हणजे पावणेदोन अब्जांहून अधिक वाचने. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात हेच काम क्षणात होते, त्यामुळे चाचणीत ते कोणाला खटकलेले नसते. पुढच्या हंगामाला टेबल रिकामे होते तेव्हा दुखणे आपोआप बरे झाल्यासारखे वाटते. मार्चमध्ये कसेबसे निभावलेले कारखाने नोव्हेंबरात ते विसरतात, यात नवल नाही. म्हणून मागच्या हंगामाच्या नोंदी पुसू नयेत. दोन हंगामांची तुलना त्याच तारखेला न करता तितक्याच पावत्यांना करावी.

इंडेक्स लावल्यावर हजारी आकडा खाली येऊन आडवा झाला पाहिजे. खाली आला पण पुन्हा चढू लागला, तर आत दुसरी तशीच क्वेरी आहे. त्यापुढचा उपाय म्हणजे रोजच्या बेरजा साठवून त्यात फक्त आजची भर घालणे. मग जॉबचा वेळ आजअखेरच्या पावत्यांवर अवलंबून राहत नाही. अडचण एकच: पावत्या मागाहून दुरुस्त होतात. वजनाची चूक, चुकीच्या नावावर गेलेला ऊस, खोडव्याची लागण म्हणून झालेली नोंद. त्यामुळे बिल न निघालेल्या पंधरवड्याच्या बेरजा रोज नव्याने कराव्या लागतात, आणि त्याआधीच्या तारखेची पावती बदलली तर त्या दिवसाची बेरीज वेगळी चालवावी लागते.