खोक्यावरचं वय आणि बाळाचं वय

10 जानेवारीला एक मुलगी जन्मली, गरोदरपणाच्या 28 आठवड्यांतच. पूर्ण दिवस भरले असते तर ती 4 एप्रिलच्या सुमारास यायची. 10 जुलैला ती सहा महिन्यांची झाली आणि भेटायला येणाऱ्यांनी 'सहा महिन्यांपुढील' असं छापलेली खेळणी आणली. बटण दाबलं की दिवे लुकलुकतात, गाणं वाजतं, पुढची नळी गरगर फिरते. बाळाने क्षणभर पाहिलं, मान वळवली, बोटं फाकवली, जांभई दिली, मग उचकी लागली. कुणीतरी म्हणालं, "हिला खेळणं आवडलेलं दिसत नाही." खरं तर ती जितकी लवकर आली ते 12 आठवडे वजा केले, की त्या दिवशी तिचं वय तीन महिन्यांच्या थोडंसं पुढे होतं.

ही वजाबाकी आज डॉक्टर सहज सांगतात, पण ती रुळायला बराच काळ गेला. आधी 'अपुऱ्या दिवसांचं' बाळ ओळखायचा मार्ग म्हणजे वजनकाटा. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो युल्प्यो यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 2500 ग्रॅमची रेघ रूढ केली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही 1948 साली तीच धरली. त्यामुळे दिवस भरलेलं पण किरकोळ वजनाचं बाळ आणि खरोखर लवकर आलेलं बाळ एकाच रांगेत बसलं. 1961 साली संघटनेनेच हे दोन प्रकार वेगळे केले, आणि आठवडे मोजण्याला महत्त्व आलं.

वाढीच्या बाजूने हा विचार त्याआधीच सुरू झाला होता. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात बालविकासाचे अभ्यासक आर्नल्ड गेसेल बाळांच्या हालचाली टिपून ठेवत. बाळ लवकर बाहेर आलं म्हणून त्याची मज्जासंस्था लवकर पिकत नाही, ती आपल्याच क्रमाने पिकते, हा त्यांच्या कामाचा गाभा. अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या वयाला 'सुधारित वय' म्हणतात ते याच विचारातून. साधारण दोन वर्षांपर्यंत वाढ याच वयाने पाहतात. लसी मात्र सहसा जन्मतारखेनेच देतात, तिथे वजाबाकी नाही. हा घोळ घरोघरी होतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

खेळाबद्दलचं मतही असंच बदलत गेलं. आधी काचेच्या पेटीतल्या बाळाला शक्यतो हातच लावायचा नाही, अशी रीत होती. 1960 नंतरच्या काळात लंबक दुसऱ्या टोकाला गेला. बाळ गर्भातल्या अनुभवाला मुकलं आहे, तर ते भरून काढू, म्हणून चोळणं, डोलवणं, आवाज ऐकवणं, चित्रं दाखवणं असे कार्यक्रम आखले गेले. मग 1980च्या दशकात बोस्टनच्या मानसशास्त्रज्ञ हायडेलिसे आल्स यांनी प्रश्नच उलटा केला: बाळाला किती द्यायचं हे आपण कशाला ठरवायचं, ते स्वतः सांगतंय ना? मान वळवणं, फाकलेली बोटं, जांभई, उचकी, पाठीची कमान, चेहऱ्याचा बदललेला रंग, हे सगळं 'आता पुरे' आहे. टक लावून पाहणारी नजर, तोंडाकडे येणारा हात, सैल अंग म्हणजे 'चालू दे'. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा बदल वाटतो.

जुलैतल्या त्या मुलीला खरं काय रुचलं? आईचा चेहरा, वीतभर अंतरावर, हळू आवाजात बोलणारा. आईने दिव्याचं खेळणं बंद करून ठेवलं आणि ठळक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक जाड चित्र आणलं. ते दाखवताना बोलायचं नाही, बोलताना चित्र खाली ठेवायचं. एका वेळी एकच गोष्ट. दोन-तीन मिनिटांत मान वळली की थांबायचं. हलका कापडी खुळखुळा मुठीत दिला, तर तिने तो धरला, पण वाजला तेव्हा दचकली. मग आवाज न करणारी कापडी कडी दिली. जागी असताना आईच्या छातीवर पालथं झोपवणं हा तिचा दिवसातला सर्वांत मोठा व्यायाम होता. मऊ बाहुल्या भेट आल्या, त्या पाळण्यात ठेवल्या नाहीत. झोपेच्या जागी मऊ वस्तू नको, हा नियम प्रत्येक तान्ह्या बाळाला आहे आणि लवकर आलेल्याला तर अधिकच.

पहिल्या वाढदिवसाला, 10 जानेवारीला, ती सुधारित वयाने नऊ महिन्यांची होती. ढकलत चालायची गाडी भेट आली. तिच्यासोबतचे एकमेकांत बसणारे प्याले आणि जाड पानांचं पुस्तक लगेच वापरात आलं: प्याले आपटायला, पुस्तक चावायला. कापडाखाली चेंडू लपवला, तर ती कापड ओढून काढत होती. गाडी कपाटात गेली. एप्रिल उलटल्यावर ती खुर्ची धरून आपणहून उभी राहू लागली, तेव्हा गाडी खाली काढली.