/mduat म्हणजे /mudat, हे बॉटला कसं कळतं?

इंदूरच्या रामबागेतल्या एका मराठी वाचनालयात मी रविवारी काम पाहतो. सभासदांसाठी आम्ही टेलिग्रामवर एक लहानसा बॉट चालवतो. त्याला मोजक्या सहा आज्ञा कळतात: पुस्तक शोधायला `/pustak`, मुदत वाढवायला `/mudat`, पुस्तक परत आणत असल्याची नोंद करायला `/parat`, स्वतःकडची पुस्तकं पाहायला `/yadi`, राखून ठेवलेलं पुस्तक सोडायला `/radda` आणि मदतीसाठी `/madat`. मध्यंतरी एक काकू दंड भरायला आल्या. "अहो, मी मुदत वाढवली होती," असं म्हणत त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यावर `/mduat 4127` असं लिहिलेलं होतं आणि खाली बॉटचं उत्तर होतं: "अवैध आज्ञा." काकूंना वाटलं, काहीतरी उत्तर आलं म्हणजे काम झालं.

चूक माझी होती. पाच अक्षरांपैकी पाचही बरोबर, फक्त दोन जागा बदलून बसलेली, आणि तरी बॉटने दार लावून घ्यावं, हे मला पटेना. जवळची आज्ञा ओळखून "हे म्हणायचं होतं का?" एवढं तरी त्याने विचारायला हवं होतं. पण जवळची म्हणजे किती जवळची? दोन शब्दांमधलं अंतर मोजायचं कसं?

याचं उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. 1965 साली मॉस्कोचे गणिती व्लादिमीर लेवेनश्टाइन संदेशवहनातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांवर काम करत होते. त्यातून पुढे आलेली व्याख्या अगदी सरळ आहे. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती फेरफार लागतात, तेवढं त्यांच्यातलं अंतर. फेरफार तीनच प्रकारचे: एक अक्षर घालणं, एक काढणं, एकाच्या जागी दुसरं ठेवणं. `rada` चं `radda` करायला एक d घालावा लागतो, म्हणून अंतर 1.

खरी गंमत आहे ती "कमीत कमी" या शब्दांत. फेरफार करायचे मार्ग असंख्य आहेत. त्यातला सर्वांत स्वस्त मार्ग सगळे मार्ग न तपासता शोधायचा, तर एक तक्ता मांडतात. काकूंनी लिहिलेला शब्द उभा आणि खरी आज्ञा आडवी:

```
      m u d a t
    0 1 2 3 4 5
m   1 0 1 2 3 4
d   2 1 1 1 2 3
u   3 2 1 2 2 3
a   4 3 2 2 2 3
t   5 4 3 3 3 2
```

प्रत्येक घरात एका लहान प्रश्नाचं उत्तर आहे: उभ्या शब्दाचा इथपर्यंतचा तुकडा आडव्या शब्दाच्या इथपर्यंतच्या तुकड्यात बदलायला किती फेरफार लागतील? पहिली ओळ आणि पहिला स्तंभ उघड आहेत. रिकाम्या तुकड्याचं `mud` करायला तीन अक्षरं घालावी लागणार, म्हणून 3. पुढचं प्रत्येक घर फक्त तीन शेजाऱ्यांकडे पाहून भरतं. वरच्या घरात 1 मिळवा (अक्षर काढलं), डावीकडच्या घरात 1 मिळवा (अक्षर घातलं), तिरप्या घरात 1 मिळवा (अक्षर बदललं, पण दोन्ही अक्षरं सारखीच असली तर काहीच मिळवू नका). या तिघांत जो आकडा लहान, तो या घराचा. कागदावर स्वतः भरून पाहा, पाच मिनिटांत जमतं. सगळं शहाणपण त्या तिघांतला लहान आकडा निवडण्यात आहे. प्रत्येक घराला आपल्या आधीचं उत्तर सर्वांत स्वस्त आहे याची खात्री असते, म्हणून मागे वळून पुन्हा शोधावं लागत नाही. उजव्या खालच्या कोपऱ्यातला 2 हे आपलं अंतर. वॅग्नर आणि फिशर यांनी 1974 साली ही रीत संगणकासाठी व्यवस्थित मांडली.

मी ही रीत बॉटमध्ये घातली आणि लगेच अडकलो. `mduat` पासून `mudat` चं अंतर 2 आलं, आणि `madat` चंही 2. दुसरं कसं, तर m नंतर एक a घाला आणि u काढून टाका, झालं `madat`. म्हणजे डोळ्यांना `/mudat` इतकी स्पष्ट दिसत असताना गणिताला दोन्ही आज्ञा सारख्याच जवळ वाटत होत्या.

दोष गणिताचा नव्हता. बोटं कशी चुकतात, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मोबाईलच्या कळफलकावर d डाव्या अंगठ्याखाली येतो आणि u उजव्या. दोन्ही अंगठ्यांनी भराभर लिहिताना डावा अर्धा क्षण आधी पडला की `ud` चं `du` होतं. माणसाची ही एकच चूक आहे, पण तक्ता तिला दोन चुका धरतो. लेवेनश्टाइनच्याही आधी, 1964 साली, अमेरिकेत आयबीएममधल्या फ्रेडरिक डॅमराउ यांनी याच प्रकाराकडे लक्ष वेधलं होतं. त्यांनी तपासलेल्या चुकीच्या शब्दांपैकी 80 टक्क्यांहून अधिक शब्दांत चारांपैकी एकच चूक होती: एक अक्षर जादा, एक कमी, एक चुकीचं, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. म्हणून तक्त्याला चौथा नियम जोडतात. एखाद्या घरापर्यंतच्या दोन्ही तुकड्यांची शेवटची दोन अक्षरं एकमेकांच्या उलटसुलट असतील, तर दोन ओळी वर आणि दोन स्तंभ डावीकडे असलेल्या घरात 1 मिळवा, आणि तो आकडा लहान असेल तर तोच घ्या.

वरच्या तक्त्यात u च्या ओळीत, d च्या स्तंभाखाली 2 आहे. तिथून दोन घरं वर आणि दोन डावीकडे गेलं की m आणि m च्या भेटीतला 0 सापडतो. 0 अधिक 1 म्हणजे 1. त्या घरात 2 च्या जागी 1 बसला की पुढे a ला a आणि t ला t जुळत हाच 1 कोपऱ्यापर्यंत उतरतो. `madat` मात्र 2 वरच राहतो. बरोबरी सुटली.

हे सुरू झाल्यावर एक आजोबा म्हणाले, "आता याला मनातलं कळायला लागलं." त्यांना मी हाच तक्ता काढून दाखवला. मनातलं काही नाही, छत्तीस घरं आहेत. अक्षरांवरून आठवलं म्हणून सांगतो: नावाच्या स्पेलिंगमध्ये एक a वाढवला की दिवस पालटतात, असं सांगून पैसे घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. एका जादा a ने अंतर 1 ने वाढतं, हे कुणीही कागदावर तपासू शकतो. त्याने नशीब बदलतं, हे मात्र कुणी कधी मोजून दाखवलेलं नाही.

अंतर कळलं, तरी किती अंतरापर्यंत सुचवायचं, हा प्रश्न राहतोच. मी सुरुवातीला सरसकट 2 ठेवलं होतं. मग एकाने वाचनालयाचा पत्ता हवा म्हणून `/pata` लिहिलं आणि बॉटने त्याला `/parat` सुचवली. हिशेबाने ते बरोबरच होतं: t च्या जागी r, शेवटी एक t, अंतर 2. पण पाच अक्षरांत दोन फेरफार म्हणजे जवळपास अर्धा शब्द नवा. आता पाच अक्षरांपर्यंतच्या आज्ञेला 1 आणि सहापासून पुढे 2 अशी मर्यादा आहे. `/pstk` लिहिलं तर `/pustak` मिळते. `/pata` ला बॉट नुसती आज्ञांची यादी दाखवतो.

याच प्रसंगामुळे बॉट सुचवलेली आज्ञा स्वतःहून चालवत नाही. आमच्याकडे नुसतं `/parat` म्हटलं की सभासदाकडची सगळी पुस्तकं परत येणार असं धरलं जातं. पत्ता विचारणाऱ्याच्या नावावर तशी नोंद झाली असती तर? प्रोग्रामर मंडळी वापरतात त्या गिटमध्येही मुळात नुसती जवळची आज्ञा दाखवली जाते. `help.autocorrect` मध्ये आकडा घातला तर गिट थोडं थांबून ती आज्ञा स्वतः चालवतं, आणि तो आकडा सेकंदाच्या दहाव्या हिश्शात असतो. एक सेकंद थांबायला हवं असेल तर 10 लिहावं लागतं.

विचारण्याची रीतही नीट हवी. बॉटच्या उत्तरात `/mudat` असं लिहिलं की टेलिग्राम तिचा दुवा करतं आणि त्याला बोट लावलं की ती आज्ञा जाते. पण फक्त आज्ञा जाते, काकूंनी लिहिलेला दाखल क्रमांक 4127 मागेच राहतो. म्हणून मी उत्तराखाली बटण ठेवलं. बटणासोबत 64 बाइटपर्यंत मजकूर लपवून पाठवता येतो, त्यात आज्ञा आणि क्रमांक दोन्ही सहज मावतात. "`/mduat` अशी आज्ञा नाही. 4127 ची मुदत वाढवायची आहे का?" असं विचारलं की काकूंना पुन्हा काही लिहावं लागत नाही. आणि कुणी `/mdat` लिहिलं, तर u राहिला की a राहिला हे कुठल्याच गणिताला ठरवता येणार नाही. तिथे `/mudat` आणि `/madat` अशी दोन्ही बटणं येतात.

आपल्या भाषेची एक अडचण त्या जुन्या संशोधनात नव्हती. टेलिग्रामच्या यादीत नोंदवायची आज्ञा लहान रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेषा यांतच लिहावी लागते, आणि मराठी रोमनमध्ये लिहायची प्रत्येकाची पद्धत वेगळी. कुणी `/yadee` लिहितो, कुणी `/moodat`. या चुका नाहीतच, बोट कुठे घसरलेलं नाही. तरी दोन्हींचं अंतर 2 भरतं आणि मर्यादेबाहेर जातं. म्हणून मोजायच्या आधीच मी दोन्ही बाजूंचे शब्द एका साच्यात आणतो: मोठी अक्षरं लहान करायची, `aa` चा a, `ee` चा i, `oo` चा u आणि w चा v. मग `moodat` चं थेट `mudat` होतं, अंतर 0. नवी आज्ञा ठरवताना मात्र साच्यातून काढल्यावर ती जुन्या एखाद्या आज्ञेसारखीच होत नाही ना, हे पाहावं लागतं.

शिवाय हे इंदूर आहे. घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी असल्यामुळे सभासद सहज `/madad` लिहितात. ती `/madat` पासून एकाच अक्षरावर आहे, सापडते. पण `/kitab` आणि `/pustak` यांत अंतर 4 आहे, कारण तक्ता अक्षरं मोजतो, अर्थ मोजत नाही. मर्यादा वाढवून हे सुटत नाही, उलट `/pata` सारखे घोळ वाढतात. त्याला समानार्थी आज्ञांची वेगळी यादीच लागते, आणि त्या यादीत काय हवं ते आपल्या मनाने ठरवू नये. बॉटला न कळलेली प्रत्येक आज्ञा, त्यावर त्याने काय सुचवलं आणि बटण दाबलं गेलं की नाही, एवढं मी सभासदाचं नाव न ठेवता नोंदवतो. सुचवूनही बटण दाबलं जात नसेल तर सूचना चुकते आहे. आणि काहीच न सुचवलेला एखादा शब्द पुन्हा पुन्हा येत असेल तर तो लोकांचा खरा शब्द आहे. गेल्या रविवारी त्या नोंदींत `/jama` वारंवार दिसत होता. इथे पुस्तक परत करत नाहीत, जमा करतात. आता `/jama` लिहिलं की बॉट `/parat` चं काम करतो, आणि तेही आधी विचारून.