हाड ताठ असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं: कर्व्हवर दोन्ही कुठे दिसतात

व्हायवामध्ये म्हाताऱ्या माणसाचं हाड का मोडतं असं विचारलं की दहातले आठ जण सांगतात, सर स्टिफनेस कमी होते म्हणून. मग लहान मुलाच्या हाडाची स्टिफनेस तर मोठ्या माणसापेक्षाही कमी असते, तरी ते नुसतं वाकून का थांबतं, असं विचारलं की गाडी अडते. स्टिफनेस आणि टफनेस हे दोन शब्द डोक्यात एकाच कप्प्यात पडलेत, सगळा घोळ तिथलाच आहे. मी सरळ ताठपणा आणि चिवटपणा म्हणतो, कानाला तरी वेगळे लागतात.

ताठपणा म्हणजे स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हच्या सुरुवातीच्या सरळ भागाचा चढ, यालाच मॉड्युलस म्हणतात. ठरावीक स्ट्रेन, म्हणजे लांबीत टक्क्यांत फरक, पाडायला किती स्ट्रेस, म्हणजे क्षेत्रफळामागे किती बल, लागतो, एवढंच तो सांगतो. हाड मोडणार कधी याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही, कारण मोडण्याचा क्षण कर्व्हच्या दुसऱ्या टोकाला असतो. चिवटपणा म्हणजे मोडेपर्यंत कर्व्हच्या खाली जमलेलं सगळं क्षेत्रफळ, म्हणजे एका घन सेंटिमीटर हाडाने मोडायच्या आधी किती एनर्जी पचवली. (क्रॅक पुढे सरकायला किती एनर्जी लागते असाही एक चिवटपणा मोजतात, तो नमुन्यात खाच पाडून मोजतात, पण वर्गात क्षेत्रफळापासून सुरू करणंच सोपं.) मजबुती ही तिसरी गोष्ट, ती नुसती कर्व्हची उंची.

आता आकडे घालून बघू. शिकवण्यापुरते सोपे केलेले आहेत, पण मांडीच्या हाडाच्या कॉर्टेक्सचा, म्हणजे बाहेरच्या घट्ट थराचा, नमुना लांबीच्या दिशेने ताणला तर साधारण असेच येतात. तरुण हाड: मॉड्युलस 17 गिगापास्कल, यील्ड, म्हणजे सरळ भाग जिथे संपतो ती जागा, 0.7 टक्के स्ट्रेनला म्हणजे 119 मेगापास्कलवर, तिथून कर्व्ह जवळजवळ आडवा होतो आणि 3 टक्के स्ट्रेनला 135 मेगापास्कलवर तुटतो. यील्डपर्यंतचा त्रिकोण आहे अर्धा गुणिले 119 गुणिले 0.007, म्हणजे घन सेंटिमीटरला जेमतेम 0.42 ज्यूल. पुढची आडवी पट्टी सरासरी 127 गुणिले 0.023, म्हणजे 2.9 ज्यूल. बेरीज 3.3 च्या आसपास. म्हातारं हाड: मॉड्युलस 16, यील्ड परत 0.7 टक्क्यांनाच पण 112 वर, आणि तुटतं 1.5 टक्क्यांना, 120 मेगापास्कलवर. त्रिकोण 0.39, पट्टी फक्त 0.93, बेरीज 1.3.

हे शेजारी शेजारी ठेवा. ताठपणा 6 टक्के कमी झाला, मजबुती 11 टक्के, आणि एनर्जी तब्बल 60 टक्के. म्हणजे जे काय गेलं ते यील्डनंतरच्या पट्टीतून गेलं, आणि उत्तर लिहिताना पोरं बघतात त्रिकोणाकडे.

ती पट्टी येते कुठून हे कळलं की बाकीचं आपोआप जुळतं. हाडात वजनाने साधारण दोन तृतीयांश मिनरल असतं, बाकी कोलॅजन आणि पाणी. मिनरल ताठपणा देतं. यील्डनंतर हाडात बारीक बारीक भेगा पडायला लागतात, कोलॅजनचे धागे त्या भेगांवर पूल बांधून धरून ठेवतात, भेग ऑस्टिऑनच्या, म्हणजे हाडातल्या गोल थरांच्या नळीसारख्या घटकाच्या, कडेला असलेल्या सिमेंट लाइनपाशी आली की वाट बदलते, आणि या सगळ्यात एनर्जी खर्च होते. मिनरल फार वाढलं किंवा कोलॅजन बिघडलं की भेग अडवणारं कोणी राहत नाही. वर्गात दाखवायचं असेल तर कोंबडीच्या पायाची दोन हाडं घ्या, एक व्हिनेगरमध्ये बरेच दिवस ठेवून मिनरल काढून टाका, ते रबरासारखं वाकतं. दुसरं ओव्हनमध्ये चांगलं भाजून कोलॅजन घालवा, ते हातात ताठ लागतं आणि जरा जोर दिला की मोडतं.

याचं सगळ्यात भारी उदाहरण जॉन करी यांच्या 1979 च्या पेपरमध्ये आहे. त्यांनी हरणाचं शिंग, गाईचं मांडीचं हाड आणि व्हेलच्या कानातलं एक हाड अशी तीन हाडं घेतली. मिनरल अनुक्रमे 59, 67 आणि 86 टक्के. मॉड्युलस 7.4, 13.5 आणि 31.3 गिगापास्कल, म्हणजे ताठपणात कानातलं हाड एक नंबर. पण क्रॅक पुढे न्यायला लागणारी एनर्जी बघितली तर शिंगाला 6190 ज्यूल दर चौरस मीटर आणि कानातल्या हाडाला फक्त 200, तीस पटीचा फरक आणि तोही उलट्या दिशेने. वाकवून मोडण्याची मजबुती मात्र मधल्या, म्हणजे गाईच्या हाडाची सगळ्यात जास्त, 247 मेगापास्कल. शिंगाला टकरी खायच्या असतात, कानातल्या हाडाला आवाजाचं काम असतं, भार उचलायचा नसतो, त्यामुळे ज्याला जे पाहिजे ते मिळालंय. ताठपणा, मजबुती आणि चिवटपणा अशा तीन वेगळ्या रांगा का लावायच्या, हे पटवायला माझ्या मते हा एक तक्ता पुरतो.

आता फ्रॅक्चरचा पॅटर्न. इथे आधी भार कसा आला ते बघायचं, क्वालिटी नंतर. मोठ्या माणसाचं कॉर्टिकल हाड लांबीच्या दिशेने दाबलं तर 200 मेगापास्कलच्या आसपास टिकतं, ताणलं तर 135, म्हणून वाकवलं की ताणाच्या बाजूला आधी आडवी भेग पडते आणि ती दाबाच्या बाजूला पोचताना तिरकी फुटून कधी कधी मधे फुलपाखरासारखा तुकडा सुटतो. पिळलं तर स्पायरल. हे समजत नसेल तर फळ्यावरचा खडू घ्या आणि दोन टोकं धरून पिळा, साधारण 45 अंशात स्पायरल मोडतो, कारण पिळण्यातला ताण त्या तिरक्या दिशेला येतो आणि खडू ताणाला कच्चा. हाड सगळ्या दिशांना सारखं नसल्यामुळे तिथे स्पायरलची दोन टोकं जोडणारी एक उभी रेघही दिसते, खडूत ती नसते.

मुलाचा हात घ्या. पडताना हात टेकला, फोरआर्म वाकला, एक्स-रेत रेडियसच्या एका बाजूचा कॉर्टेक्स तुटलाय आणि दुसऱ्या बाजूचा नुसता वाकलाय, म्हणजे ग्रीनस्टिक. मिनरल कमी म्हणून चढ कमी, पण यील्डनंतरची पट्टी लांब, त्यामुळे ताणाच्या बाजूने पडलेली भेग आरपार जायच्या आधीच पडण्यातली एनर्जी वाकण्यात खपली. हाडावरचं जाड आवरण, पेरिऑस्टियम, तेही मदतीला असतं. कमी ताठ आणि जास्त चिवट, दोन्ही एकाच हाडात.

याच्या बरोबर उलट ऑस्टिओपेट्रोसिस. जुनं हाड काढून टाकणाऱ्या पेशी काम करत नाहीत, हाड साठत जातं, एक्स-रे पांढराशुभ्र, घनता बघितली तर वाटेल याच्यासारखं हाड नाही, आणि साध्या धक्क्याने आडवं कटकन मोडतं.

लोडिंग रेटकडे येऊ, कारण तिथेही हेच दोन शब्द पाय अडकवतात. हाड व्हिस्कोइलॅस्टिक आहे, भार जितका झटक्यात येईल तितकं ताठ होतं, पण किती ते बघा: मॉड्युलस स्ट्रेन रेटच्या 0.06 घाताने वाढतो, म्हणजे रेट हजारपट केला तर ताठपणा दीडपट. मजबुतीही साधारण तशीच वाढते. मोडायच्या क्षणी हाडात स्प्रिंगसारखी साठलेली एनर्जी ही स्ट्रेसचा वर्ग भागिले मॉड्युलस अशी जाते, म्हणून सव्वादोन भागिले दीड, तीही दीडपट. मग पोरं म्हणतात, सर जोरात आपटलं तर हाड जास्त एनर्जी घेतं, म्हणजे चांगलंच की. अरे पण कुठली एनर्जी? यील्डनंतरच्या पट्टीतली एनर्जी बारीक भेगा पाडण्यात खर्च झालेली असते, ती परत येत नाही. त्रिकोणातली साठून राहते आणि मोडल्याबरोबर सुटते, आणि एका भेगेतून बाहेर पडता येत नसेल तर भेगेला फांद्या फुटतात. शिवाय फार जास्त रेटला ती पट्टीच आखडते. वर गाडीच्या धडकेत बाहेरून येणारी एनर्जी हाडाच्या ऐपतीच्या कितीतरी पट असते, म्हणून तुकडे तुकडे होतात आणि भोवतीच्या मांसालाही मार बसतो.

तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली बघितला तरी रेट कळतो. सावकाश मोडलेलं हाड खडबडीत, ऑस्टिऑन बाहेर उपसलेले, कारण भेगेला वळायला वेळ मिळाला. झटक्यात मोडलेलं त्या मानाने गुळगुळीत, भेग ऑस्टिऑन कापत सरळ गेलेली.

म्हणून समजा दोन टिबिया समोर आल्या, एकीचा स्वच्छ स्पायरल, दोनच तुकडे, हिस्टरी पाय अडकून शरीर वळलं अशी, आणि दुसरीचे मधल्या भागात सहा-सात तुकडे, हिस्टरी बंपरची. दोन्ही हाडं तरुण आणि चांगल्या क्वालिटीची असू शकतात, फरक भाराच्या प्रकाराचा आणि रेटचा. पण दुसरा पॅटर्न घरातल्या घरात पाय घसरल्यावर दिसला तर एनर्जीचा हिशोब जुळत नाही, आणि तेव्हा क्वालिटीवर संशय घ्यायचा.

तो संशय नुसत्या डेक्सा स्कॅनने फिटत नाही. डेक्सा दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम मिनरल आहे ते सांगतं, कोलॅजन त्याला दिसत नाही. टाइप 2 डायबेटिसमध्ये घनता नॉर्मल किंवा थोडी जास्तच असूनही फ्रॅक्चरचा धोका वाढलेला असतो, आणि कोलॅजनमध्ये साखरेमुळे होणारे नको ते क्रॉसलिंक हे त्याचं एक कारण मानलं जातं.

लॅबमध्ये टेस्ट करताना एक सांभाळा. नमुना सलाइनमध्ये ओला ठेवा, गॉज गुंडाळून ठेवलात तरी चालेल. वाळलेल्या हाडाचा चढ वाढतो आणि पट्टी गायब होते, आणि रिपोर्टमध्ये तरुण हाडाचा कर्व्ह म्हाताऱ्यासारखा लवकर तुटलेला दिसतो. ओळखायचं कसं, तर म्हातारपणात चढ जरासा उतरतो आणि वाळल्यावर चढतो, म्हणजे पट्टी आखूड झालेली दिसली तर आधी मॉड्युलस तपासा, तो 20 च्या वर गेलेला असेल तर पेशंटच्या वयाला दोष द्यायच्या आधी नमुना किती वेळ उघडा पडला होता ते विचारा.