लोणचं नासतं, ही समजूत आली कुठून?

सोलापुरातल्या शाळांमध्ये आरोग्य परिचारिका पाळीवर बोलते, तेव्हा मुलींकडून एक प्रश्न हमखास येतो: सिस्टर, पाळीत हात लावला तर लोणचं खरंच नासतं का? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

विटाळाची कल्पना जुनी, तिला झालेला विरोधही जुना. याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकात विचारलं होतं की विटाळ देहातच जन्मतो आणि त्यावाचून कुठलाच देह घडत नाही, मग सोवळं कोण? तरीही बाजूला बसवणं चालूच राहिलं.

गंमत म्हणून नव्हे, तर सावध होण्यासाठी सांगण्यासारखी गोष्ट पुढची आहे. १९२० साली व्हिएन्नातले नामवंत बालरोगतज्ज्ञ बेला शिक यांनी पाळी चालू असलेल्या बाईच्या हातातली फुलं लवकर कोमेजतात असं मांडलं. तिच्या शरीरातून विषारी द्रव्य बाहेर पडतं, असा त्यांचा तर्क होता. त्याला ‘मेनोटॉक्सिन’ म्हटलं गेलं. पुढे कित्येक वर्षं काही संशोधक हे विष शोधत राहिले. असं विष असल्याचं सिद्ध झालं नाही. पाळीच्या स्रावात असतं ते रक्त, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचे कण आणि चिकट स्राव, एवढंच.

मग लोणचं का नासतं? ओला चमचा, नीट न पुसलेली कैरी, कमी पडलेलं मीठ किंवा फोडींच्या वर न आलेलं तेल, यांमुळे बुरशी धरते. ज्या घरात पाळीत कुणी बरणीला शिवत नाही, तिथंही असं लोणचं नासतंच. मुलींना हे घरी पडताळून पाहता येतं, म्हणून परिचारिकेनं एवढंच सांगितलं तरी पुरतं.

शाळेत असा तास होऊ लागला तो अलीकडे. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, आणि २०१८ मध्ये राज्याच्या अस्मिता योजनेतून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळू लागले. मात्र पॅड हातात आले म्हणून लपवालपवी संपत नाही, आणि खरा अपाय तिथंच होतो. कापड कुणाला दिसू नये म्हणून ते न्हाणीच्या कोपऱ्यात किंवा दुसऱ्या कपड्याखाली वाळत घातलं जातं. तिथं ते दमट राहतं, आणि तेच पुन्हा वापरलं की खाज, पुरळ, जंतुसंसर्गाची भीती. सुती कापड आधी गार पाण्यात, मग साबणानं धुवावं. गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. नंतर ते थेट उन्हात पूर्ण वाळू द्यावं. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, अडतं ते दोरीवर उघड टाकण्यापाशी. पॅड असो वा कापड, चार ते सहा तासांनी बदलायचं. दुर्गंधी येणारा स्राव किंवा न थांबणारी खाज असेल, तर घरच्यांना सांगून दवाखान्यात जायचं.