अकरा वाजताची इंचभर चूक

पावसाळ्यात सांगलीत सकाळी पहिला प्रश्न असतो, 'आयर्विनला पाणी किती?' आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. उत्तर फुटा-इंचांत येतं. ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ ला ते ५७ च्याही वर गेलं होतं.

समजा, सकाळी सहा ते दुपारी चार दर तासाला पातळी मोजली. नोंदी अकरा. सगळ्या नोंदींतून तंतोतंत जाणारी दहाव्या घाताची बहुपदी एकच असते, आणि तिच्यावरून मधल्या वेळांची पातळी काढायचा मोह होतो. आता अकरा वाजता मोजणाऱ्याने एक इंच जास्त वाचला, बाकी दहा नोंदी बरोबर. बहुपदी किती चुकेल?

साडेअकराला पाऊण इंचही नाही. सकाळी साडेसहाला मात्र जवळजवळ पाच इंच! चूक अकराची, भोगतात साडेसहावाले.

हिशेब सोपा आहे. बहुपदी किती चुकते याचा आलेख बाकीच्या दहा वेळांना शून्यच हवा, म्हणून कोणत्याही क्षणी त्याची उंची त्या दहा वेळांपासूनच्या अंतरांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. अकराला हा गुणाकार १४,४००. तिथे चूक एक इंच. साडेअकराला नोंदी दोन्ही अंगांना विभागलेल्या, अंतरं साडेपाच तासांपुढे जात नाहीत, गुणाकार सुमारे ९,६००. साडेसहाला जवळपास सगळ्या नोंदी एकाच बाजूला. साडेसात, साडेआठ, साडेनऊ तास असे आकडे गुणले जातात आणि गुणाकार ७१,००० वर जातो. भागून बघा, ४.९ येतं.

मग नोंदी वाढवू, असं कुणालाही वाटेल. दर अर्ध्या तासाला मोजलं, नोंदी एकवीस, घात वीस. तीच इंचाची चूक सव्वासहाला बहुपदीला सुमारे १०० फूट खाली ओढते. नदीच नाहीशी!

मोजणी बिनचूक असली तरी सुटका नाही. जर्मन गणिती कार्ल रुंगे यांनी १९०१ मध्ये हे दाखवलं. 1/(1+25x²) हा −1 ते 1 मधला साधा उंचवटा घ्या. त्याची उंची 1 च. सारख्या अंतरावरच्या ११ बिंदूंतून गेलेली बहुपदी टोकांजवळ सुमारे 1.9 ने चुकते, २१ बिंदूंतून गेलेली जवळजवळ 60 ने. कारण तेच, टोकाकडे फुगणारा गुणाकार. sin x सारख्या फलनाचे वरचे विकलज आटोक्यात असतात, म्हणून तिथे तो दबून जातो.

बिंदू निवडायची मुभा असेल तर ते टोकांकडे दाट ठेवावेत: अर्धवर्तुळाचे सारखे भाग करून व्यासावर लंब टाकले की चेबिशेव्हचे बिंदू मिळतात. पण पुलावर नोंद तासालाच होते. तिथे एकच मोठी बहुपदी न घेता तासातासाचे तिसऱ्या घाताचे तुकडे गुळगुळीत जोडावेत, म्हणजे स्प्लाइन. त्यात अकराची इंचभर चूक दर तासाला साधारण पावपट होत जाते आणि दोन-तीन तासांत इंचाच्या दहाव्या भागाखाली येते.